छोट्या कंपनीसाठी एचआर सॉफ्टवेअर निवडताना: सांगली-कुपवाडच्या उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न कुपवाड, मिरज आणि सातारा एमआयडीसीतल्या वीस ते पन्नास माणसांच्या कंपन्यांकडून नेहमी येतात. उत्तरं देताना एकच उदाहरण डोळ्यांसमोर ठेवलं आहे. समजा, कुपवाडला ३४ माणसांचं एक मशिनिंग युनिट आहे. पीएफ आणि ईएसआय दोन्ही लागू आहेत, हजेरीला बोटाचं मशीन आहे, पगार ऑफिसातल्या ताई एक्सेलवर करतात आणि चलनं सीएंच्या ऑफिसातून भरली जातात.

आमचं एक्सेलवर चाललंय. सॉफ्टवेअर खरंच लागतं का?

माणसं दहा-बारा असतील, सगळे एकाच पाळीत असतील आणि पगार वर्षातून एकदाच वाढत असेल, तर नीट बनवलेली एक्सेल शीट पुरते. घाई करू नका.

अडचण सुरू होते ती एकाच माणसाची माहिती तीन ठिकाणी राहू लागली की. हजेरी मशीनमध्ये, रजा सुपरवायझरच्या वहीत आणि पगार शीटमध्ये. महिनाअखेरीला या तिन्हींचा मेळ घालण्यात दोन-तीन दिवस जात असतील आणि तरीही दर महिन्याला कुणीतरी "माझा एक खाडा जास्त लागलाय" म्हणत येत असेल, तर वेळ झाली आहे. आणखी एक खूण म्हणजे शीट ज्यांनी बनवली त्या ताई रजेवर गेल्या की पगार अडतो.

बाजारात इतकी नावं आहेत. निवड कुठून सुरू करायची?

स्वतःच्या एका अवघड महिन्यापासून. डेमोत दाखवणारा माणूस त्याची तयार उदाहरणं दाखवतो. त्यात सगळे महिनाभर हजर असतात आणि सगळ्यांचे पंच बरोबर लागलेले असतात. तसा महिना आपल्याकडे कधी येतच नाही.

म्हणून होऊन गेलेला एक किचकट महिना निवडा आणि विक्रेत्याला सांगा की हा महिना तुमच्या सिस्टिममध्ये आमच्यासमोर चालवा. मी ऑक्टोबर २०२५ सुचवते. त्या महिन्यात दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ तारखेला आली. २१ ला लक्ष्मीपूजन होतं आणि २२, २३ ला पाडवा, भाऊबीज. दिवाळीला जोडून रजा घेणारे होतेच, आणि ईएसआयचा नवा सहामाही काळही १ ऑक्टोबरला सुरू होतो. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की सिस्टिमची कच्ची बाजू आपोआप दिसते. सोबत फेब्रुवारीचा महिनाही चालवून पाहा. का, ते पुढे येईल.

सगळ्या ३४ जणांची माहिती देण्याची गरज नाही. पाच-सहा जण निवडा, त्यांची नावं बदला, आधार आणि बँक खात्याचे आकडे काढून टाका आणि मग फाइल द्या. डेमोसाठी खरी माहिती मागणाऱ्या विक्रेत्याबद्दल तिथेच सावध व्हावं.

त्या पाच-सहा जणांत कोण असावं?

ज्यांचा पगार काढताना ताईंना दरवेळी विचार करावा लागतो ते. आपल्या उदाहरणातले तिघे सविस्तर पाहू.

पहिल्या पॅकिंगमधल्या बाई. पगार १८,०००, त्यातलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. दिवाळीनंतर त्या शुक्रवारी २४, शनिवारी २५ आणि सोमवारी २७ ऑक्टोबरला आल्या नाहीत. रजा शिल्लक नव्हती.

पहिला प्रश्न असा की मधला रविवार बिनपगारी धरायचा का? काही कंपन्या दोन्ही बाजूंना खाडा असला की मधली सुट्टीही कापतात. तुमचा नियम काय आहे हे आधी तुम्हाला माहीत हवं आणि तो सिस्टिममध्ये चालू-बंद करता यायला हवा. बऱ्याच सिस्टिममध्ये हा नियम आधीपासून चालू असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पगारी अर्जित रजेच्या बाबतीत मात्र हा प्रश्नच नाही. रजेच्या मध्ये आलेली सुट्टी रजेत मोजायची नाही, असं कायदा सांगतो. सिस्टिम तीही मोजून शिल्लक कमी करत असेल, तर ती चूक आहे.

दुसरा प्रश्न भागाकाराचा. तीन दिवसांचे किती कापायचे? महिन्याचे ३१ दिवस धरले तर १,७४२ रुपये. ३० धरले तर १,८००. २६ धरले तर २,०७७. बाई त्याच, खाडे तेच, फरक ३३५ रुपयांचा. तुमच्याकडे आजवर जी पद्धत चालत आली आहे तीच सिस्टिमने पाळली पाहिजे, नाहीतर पहिल्याच पगाराला दारात रांग लागते.

२६ ची पद्धत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ऑक्टोबर २०२५ मध्ये रविवार चार होते, म्हणजे रविवार सोडून २७ दिवस. एखादा माणूस ते सगळे दिवस बिनपगारी राहिला आणि सिस्टिमने २७ दिवसांचे पैसे कापले, तर कपात १८,६९२ होते, म्हणजे पगारापेक्षा जास्त, आणि पगार वजा दिसतो. चांगली सिस्टिम अशा वेळी हजर दिवसांवरून हिशेब करते किंवा शून्याशी थांबते.

आपण ३१ धरून पुढे जाऊ. बाईंचा पगार १६,२५८ झाला. पीएफसाठीचं वेतन १३,००० चे २८ दिवसांचे, म्हणजे ११,७४२. त्याचे १२ टक्के १,४०९. ईएसआयचे पाऊण टक्का १२२. व्यवसाय कर शून्य, कारण महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो नाही. हातात १४,७२७ रुपये. विक्रेत्याच्या पडद्यावर हाच आकडा आला पाहिजे. दोन-चार रुपयांचाही फरक आला तर "राउंडिंग असेल" म्हणून सोडू नका, कुठून आला ते विचारा. ईएसआयची रक्कम वरच्या रुपयावर नेतात आणि पीएफची जवळच्या रुपयावर. हे ज्याला माहीत नाही, त्याचं चलन दर महिन्याला जुळत नाही.

दुसरा ऑपरेटर. ऑगस्टपासून त्याचा पगार २०,५०० वरून २२,००० झाला. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे, म्हणून अनेक सिस्टिम ऑगस्टपासूनच कपात बंद करतात. तसं चालत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा एक काळ आणि ऑक्टोबर ते मार्च दुसरा. काळ सुरू असताना मर्यादा ओलांडली तरी तो संपेपर्यंत वर्गणी पूर्ण पगारावर भरायची. म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबरला त्याचे १६५ आणि कंपनीचे ७१५ गेले पाहिजेत, आणि ऑक्टोबरला कपात आपोआप थांबली पाहिजे. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर त्याला पुढच्या जानेवारी ते जूनमधले लाभ मिळतात. मधेच वर्गणी थांबली तर उद्या दवाखान्याच्या वेळी त्याच्या घरच्यांना त्रास होतो, आणि तो आपल्या सॉफ्टवेअरमुळे झालेला असतो.

तिसरा नवा मुलगा. १३ ऑक्टोबरला लागला, पगार १५,५००. १३ ते ३१ असे १९ दिवस, म्हणजे ९,५००. त्या महिन्यात त्याचा व्यवसाय कर १७५, कारण रक्कम ७,५०१ ते १०,००० मध्ये बसते. नोव्हेंबरला पूर्ण पगार मिळाल्यावर २०० होतो. फेब्रुवारीत ३००. म्हणूनच फेब्रुवारीचा महिना चालवून पाहायला सांगितलं. हा ३०० चा नियम न बसवलेली सिस्टिम अकरा महिने बरोबर चालते आणि बाराव्या महिन्यात २०० भरणाऱ्या प्रत्येकाचे १०० रुपये कमी कापते.

कर्मचाऱ्याच्या नोंदीत काय काय असलंच पाहिजे?

यादी लांबवण्यात अर्थ नाही. ज्या रकान्यावरून पगार किंवा चलन बदलतं, तो रकाना आधी.

कायमचा कर्मचारी क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या भागात एकाच कारखान्यात एकाच नावा-आडनावाचे दोन-तीन पाटील किंवा माने सहज निघतात. नावावरून मेळ घालणारी सिस्टिम कधी ना कधी एकाची रजा दुसऱ्याच्या खात्यात टाकते. हाच क्रमांक बोटाच्या मशीनमध्ये, रजेत आणि पगारात असावा, आणि माणूस सोडून गेला तरी दुसऱ्याला देऊ नये.

नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. लग्नानंतर बदललेलं नाव, वडिलांचं नाव आधी की नंतर, यावरून यूएएन जुळत नाही आणि महिनोन्महिने पीएफ अडकतो. हाक मारायचं नाव हवं तर वेगळ्या रकान्यात ठेवा. जन्मतारीख हवी, कारण ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शन योजनेत जाणारा कंपनीचा वाटा थांबतो आणि सगळी रक्कम पीएफ खात्यात जाते. सिस्टिमने हे स्वतःहून ओळखावं. लिंगाची नोंद हवी ती व्यवसाय करासाठी. यूएएन, ईएसआयचा विमा क्रमांक, बँक खातं, आयएफएससी आणि वारसदार हे आलंच.

यापलीकडे एक गोष्ट मी प्रत्येकाला तपासायला सांगते. पगारवाढ नोंदवताना सिस्टिम "कोणत्या तारखेपासून" असं विचारते का, की जुना आकडा पुसून नवा लिहिते? पुसत असेल तर मे महिन्यात मार्चची पगार चिठ्ठी पुन्हा काढली की तिच्यावर नवा पगार येतो. हुद्दा, विभाग, बँक खातं या सगळ्यांचा असा तारीखवार इतिहास हवा, आणि बदल कोणी केला तेही दिसायला हवं.

रजेचे नियम कारखान्याला आणि ऑफिसला वेगळे ठेवता येतील का?

ठेवता आलेच पाहिजेत. समजा कारखाना कुपवाडला आहे आणि साताऱ्याला विक्रीचं ऑफिस आहे. ऑफिसला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होण्याइतकी माणसं असतील, तर तिथे वर्षाला आठ किरकोळ रजा तिमाहीप्रमाणे जमा होतात आणि उरल्या तर वर्षाअखेरीला जातात. अर्जित रजा २० दिवसांच्या कामामागे एक, ४५ पर्यंत साठवता येते, आणि त्यासाठी वर्षात २४० दिवस काम झालेलं असावं लागतं.

कारखान्याकडे अर्जित रजेचा दर तोच, २० मागे एक, पण पुढच्या वर्षात ३० पर्यंतच नेता येते. कारखान्यासाठी पात्रतेचे दिवसही पूर्वी २४० होते, ते २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत १८० झाले आहेत. म्हणजे एकाच मालकाच्या दोन जागांवर पात्रतेचा आकडा, साठवणीची मर्यादा आणि रजेचे प्रकार, तिन्ही वेगळे. सिस्टिममध्ये "रजा धोरण" एकच असेल आणि ते सगळ्यांना चिकटत असेल, तर ती तुमच्यासाठी नाही.

सुट्ट्यांची यादीही जागेप्रमाणे वेगळी हवी. आपल्याकडे गावच्या जत्रेला माणूस येत नाही म्हणजे येत नाही. पलूसच्या माणसाची जत्रा वेगळ्या दिवशी, तासगावच्या माणसाची वेगळ्या. अनेक कारखाने वर्षाला एक ऐच्छिक सुट्टी देऊन हे सोडवतात. सिस्टिममध्ये ऐच्छिक सुट्टीची सोय आहे का, ते विचारा. नसेल तर ती दरवर्षी किरकोळ रजेत घुसवावी लागते आणि शिल्लक बिघडते.

रात्रपाळीचे पंच नेहमी चुकतात. हे सुटेल का?

सुटतं, पण विकत घेण्याआधी तपासलं तरच. रात्री अकराला आलेला माणूस सकाळी सातला जातो. तारीख बारा वाजता बदलते. साधी सिस्टिम पहिल्या दिवशी फक्त "आत" आणि दुसऱ्या दिवशी फक्त "बाहेर" पाहते आणि दोन्ही दिवस अर्धे किंवा गैरहजर धरते. सिस्टिममध्ये पाळीची नोंद हवी आणि पंच ज्या पाळीचा आहे त्या दिवसाला जोडला गेला पाहिजे. डेमोत अशा एका आठवड्याचे पंच द्या. त्यात एक दिवस बाहेरचा पंच मुद्दाम गाळा आणि एक दिवस माणूस पुढच्या पाळीलाही थांबलेला दाखवा. ओटी बरोबर निघते का, आणि सुटलेला पंच दुरुस्त करायला सुपरवायझरची मंजुरी लागते का, हे दोन्ही त्यात दिसेल.

इंटरनेट गेलं किंवा लाईट गेली तर मशीन पंच स्वतःकडे साठवून ठेवतं आणि नंतर पाठवतं का, हेही विचारा. विक्रेत्यासमोर मशीनची नेटची वायर काढून दोन पंच मारा आणि पुन्हा जोडा. दोन मिनिटांचं काम आहे.

पगार त्याच सिस्टिममध्ये करावा की सीएंकडे तसाच ठेवावा?

३४ माणसांना दोन्ही चालतं. सीए किंवा पगाराचं काम करणारे सल्लागार वर्षानुवर्षं नीट काम करत असतील, तर ते मोडू नका. सिस्टिममधून महिन्याला एक फाइल त्यांच्याकडे जाऊ द्या. कर्मचारी क्रमांक, पगारी दिवस, बिनपगारी दिवस, ओटीचे तास आणि त्या महिन्यातले बदल एवढे रकाने पुरतात. सॉफ्टवेअरं आपसात थेट जोडण्याचा खर्च एवढ्या माणसांसाठी निघत नाही.

फाइल गेली की तो महिना सिस्टिममध्ये बंद झाला पाहिजे. बंद करायची सोय नसेल, तर सुपरवायझर पाच तारखेला मागची रजा मंजूर करतो, सिस्टिममध्ये हजर दिसतं आणि पगारात खाडा. उशिरा आलेली दुरुस्ती पुढच्या महिन्यात फरक म्हणून यावी. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो, म्हणून कुलूप लावायची तारीख एक किंवा दोन ठेवा.

सिस्टिममध्येच पगार करायचं ठरवलं, तर पीएफची फाइल ती थेट बनवते का ते पाहा. वरच्या बाईंची ऑक्टोबरची ओळ अशी दिसायला हवी (यूएएन आणि नाव इथे काल्पनिक आहे):

```
100000000000#~#NAME#~#16258#~#11742#~#11742#~#11742#~#1409#~#978#~#431#~#3#~#0
```

क्रमाने यूएएन, नाव, एकूण पगार, मग पीएफ, पेन्शन आणि विम्यासाठीचं वेतन, त्यानंतर कामगाराचे १,४०९, पेन्शनला ९७८, कंपनीच्या वाट्यातले उरलेले ४३१, बिनपगारी दिवस तीन आणि शेवटी अग्रिमाची परतफेड. बिनपगारी दिवसांच्या जागी शून्य येत असेल, तर रजा आणि पगार यांचा सांधा तुटलेला आहे. डेमोमध्ये मी सगळ्यात आधी ही ओळ उघडायला सांगते. सुंदर आलेख दाखवणारी सिस्टिम इथेच अडकलेली पाहिली आहे. पीएफ आणि ईएसआय दोन्हींची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ओळ चुकली की ते दिवस दुरुस्तीत जातात.

नव्या कामगार संहितांमुळे सॉफ्टवेअरमध्ये काय बदललेलं हवं?

दोन गोष्टी आधी पाहा. पहिली म्हणजे वेतनाची व्याख्या. घरभाडे, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीचा भाग वेतनात धरायचा. उदाहरणार्थ, एकूण २४,००० आणि त्यात मूळ वेतन ९,०००, भत्ते १५,०००. निम्मे १२,०००. वरचे ३,००० वेतनात मिळवले की वेतन १२,००० होतं आणि त्याचे १२ टक्के १,०८० ऐवजी १,४४० येतात. हा हिशेब सिस्टिमने दर महिन्याला स्वतः करावा. ताईंनी हाताने मूळ वेतन बदलून ठेवायचं, असं उत्तर विक्रेत्याने दिलं तर ते पुरेसं नाही.

दुसरी म्हणजे शेवटचा हिशेब. माणूस राजीनामा देऊन गेला किंवा काढला गेला, तर त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. "पुढच्या पगाराबरोबर देऊ" ही जुनी सवय आता चालणार नाही. मधल्या तारखेला एकट्या माणसाचा हिशेब, शिल्लक रजेच्या पैशांसकट, काढून दाखवा असं सांगा.

कामगारांना मोबाइल ॲप जमेल का?

तरुणांना जमतं. जमेल असं धरून मात्र चालू नका. मराठी पडदा आहे का ते पाहा, आणि नुसती बटणं मराठीत नकोत, रजेची शिल्लक आणि नामंजुरीचं कारणही मराठीत हवं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांच्या वतीने सुपरवायझरला अर्ज टाकता यावा आणि तो कोणी टाकला याची नोंद राहावी. गेटजवळ एक टॅब ठेवून शिल्लक पाहण्याची सोय केली, तर ऑफिसातल्या निम्म्या फेऱ्या कमी होतात.

सर्व्हर ऑफिसात ठेवावा की क्लाउडवर?

२०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीच्या सखल भागात दुकानं-ऑफिसांत पाणी शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तळमजल्यावरच्या एका संगणकात ३४ घरांच्या पगाराचा इतिहास ठेवू नये. मी क्लाउड सुचवते. ऑफिसातच ठेवायचं असेल, तर रोजची प्रत गावाबाहेर जायला हवी आणि ती प्रत उघडून पगार निघतो का, हे सहामाहीला करून पाहायला हवं. फ्रॅप एचआरसारखं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वतः चालवता येतं, त्याला परवान्याचे पैसे नाहीत. पण ते बसवणारा आणि अडचणीला धावणारा माणूस जवळ नसेल, तर ते स्वस्त पडत नाही.

माहितीच्या गोपनीयतेबद्दल आम्हाला, एवढ्या छोट्या कंपनीला, काय करावं लागतं?

करावं लागतं, आणि लहान असल्यामुळे जास्तच, कारण इथे सगळे एकमेकांना ओळखतात. एकाचा पगार दुसऱ्याला कळला की संध्याकाळपर्यंत गावात पोहोचतो.

कायद्याचं आधी. बँक खातं, आजारपणाची माहिती, बोटांचे ठसे ही २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे संवेदनशील माहिती आहे आणि ती घेताना लेखी संमती लागते. ती रुजू होण्याच्या अर्जातच मराठीत घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा त्यापुढे जातो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मालकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. नोकरीसाठी लागणारी माहिती त्या कायद्याखाली संमतीशिवायही वापरता येते, पण कामगाराचा फोटो जाहिरातीत छापणं त्यात बसत नाही. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दलचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. आणि माहिती विक्रेत्याच्या सर्व्हरवरून फुटली तरी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. म्हणून विक्रेत्याबरोबर लेखी करार हवाच.

आता रोजचं. सिस्टिममध्ये कोणाला काय दिसतं, हे वेगवेगळ्या नावांनी आत जाऊन स्वतः पाहा. सुपरवायझरला हजेरी आणि रजा दिसावी, पगार नाही. गेटवरच्या माणसाला फक्त नाव आणि फोटो. आजारपणाच्या रजेत सुपरवायझरला "वैद्यकीय" एवढंच कळावं. बाईंनी कोणत्या तपासणीसाठी सुट्टी घेतली, ते त्याच्या फोनवर येण्याचं कारण नाही. अनेक सिस्टिममध्ये रजेचं कारण मंजुरीच्या निरोपात जसंच्या तसं जातं. ते बंद करता येतं का विचारा.

आधारची पूर्ण प्रत प्रत्येक फाइलला लावायची सवय सोडा. ओळखीच्या पुराव्याला फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार पुरतं. यूएएनसाठी पूर्ण क्रमांक लागतो, तो सिस्टिममध्ये झाकलेल्या रकान्यात असावा आणि कोणी उघडून पाहिला त्याची नोंद राहावी. पगार चिठ्ठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, एकगठ्ठा पीडीएफ तर मुळीच नको.

विक्रेत्याकडून लेखी काय घ्यावं?

माहिती कुठे साठते, विक्रेत्याची कोणती माणसं ती पाहू शकतात, आणि माहिती फुटल्याचं कळलं तर तुम्हाला किती तासांत सांगतील. माहिती संरक्षणाच्या नव्या नियमांत माहिती संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची आहे, म्हणून विक्रेत्याने तुम्हाला २४ तासांत कळवावं असं लिहून घ्या. दर महिन्याचा दर माणशी आहे का, सोडून गेलेल्यांचे पैसे लागतात का, आणि सरकारी नियम बदलला तर तो बदल फुकट बसवून मिळतो का, हेही कागदावर हवं. तोंडी "सगळं होईल" याला किंमत नाही.

बदल कधी आणि कसा करावा?

एप्रिल चांगला, कारण पीएफ, ईएसआय आणि कराचं वर्ष तिथून सुरू होतं. रजेचं वर्ष जानेवारीचं असेल, तर ३१ मार्चची शिल्लक प्रत्येकाला कागदावर देऊन सही घ्या आणि तीच सिस्टिममध्ये भरा. भांडणं बहुतेक या सुरुवातीच्या शिल्लकेवरूनच होतात.

दोन महिने एक्सेल आणि सिस्टिम दोन्ही चालवा. दोन्हींतला हातात येणारा पगार माणसागणिक शेजारी मांडा आणि प्रत्येक फरकाचं कारण लिहून ठेवा. एक्सेलच चुकत होतं असंही दोन-तीन ठिकाणी निघेल. अशा वेळी कामगाराचे पैसे राहिले असतील, तर ते आधी देऊन टाका.

उद्या सिस्टिम सोडायची झाली तर?

हे पहिल्याच दिवशी विचारा. सगळ्या कर्मचाऱ्यांचा तारीखवार इतिहास, रजेच्या नोंदी, महिन्यावार पगारपत्रकं आणि कागदपत्रं साध्या सीएसव्ही आणि पीडीएफमध्ये, जादा पैसे न घेता मिळतील असं करारात हवं. त्यानंतर विक्रेत्याने आपल्याकडची प्रत पुसून तसं लेखी द्यावं. चाचणीच्या काळातच एकदा सगळी माहिती बाहेर काढून पाहा. आताच्या पगाराच्या आकड्यांबरोबर जुन्या पगाराच्या तारखा फाइलमध्ये आल्या नाहीत, तर ती सिस्टिम घेऊ नका.